पत्रिकेतला हेक्टर, खाचरातला गुंठा

रत्नागिरी जिल्ह्यातली भातखाचरांची माती तांबडी, जांभ्यापासून झालेली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या मातीतून वाहतो आणि जाताना चुना, मॅग्नेशियम, पालाश, बोरॉन अशी विरघळणारी द्रव्ये घेऊन जातो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. त्यामुळे माती आम्ल होते. तिचा सामू साधारण पाच ते सहाच्या दरम्यान असतो आणि पोतेभर स्फुरद टाकले तरी त्यातला मोठा भाग लोहाशी जखडला जाऊन पिकाच्या हाती लागत नाही. कृषी अधिकाऱ्याला इथल्या शेतकऱ्याशी मातीच्या आरोग्याबद्दल बोलायचे असते, ते या मूळ परिस्थितीतून.

बोलण्याचे निमित्त बहुधा मृद आरोग्य पत्रिका असते. ही केंद्राची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड येथे सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टींची नोंद असते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. आकडे असतात हेक्टरी किलोमध्ये, टक्क्यांत किंवा दशलक्ष भागांत. शेतकऱ्याची जमीन असते गुंठ्यांत आणि खत मोजले जाते डब्याने नाहीतर पाटीने. दुसरी अडचण अशी, की पुष्कळ घरांत सातबाऱ्यावरचे नाव मुंबईला नोकरीत असलेल्या माणसाचे असते आणि शेत प्रत्यक्ष करते ती गावातली काकी किंवा वहिनी. पत्रिका नावावर येते आणि कपाटात जाते. ती वाचून दाखवणे आणि तिचे काम चिखलात उतरवणे ही गावपातळीवरच्या कृषी सहायकाची जबाबदारी. या पदाला आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात.

पत्रिका वाचण्याआधी नमुना कुठून घेतला हे विचारावे लागते. योजनेच्या सुरुवातीच्या पद्धतीत कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या एका चौकोनातून एक नमुना घेतला जाई आणि तोच निष्कर्ष त्या चौकोनातल्या सर्वांना लागू होई. पठारावर सलग शेत असेल तिथे हे चालून जाते. रत्नागिरीत दहा हेक्टरांत वर कातळाचा सडा, मध्ये उतारावरची वरकस जमीन, तिच्यात आंबा-काजू, खाली पायऱ्यापायऱ्यांची खाचरे आणि खाडीकाठ असेल तर खाजणही येते. या सगळ्यांची माती एकसारखी नाही. म्हणून अनुभवी अधिकारी पत्रिका पाहताना शेतकऱ्याला आधी विचारतो, “काकी, माती कोणत्या खाचरातली नेली होती?” उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर सामूचा आकडा ढोबळपणे उपयोगी पडतो, कारण आसपासची माती आम्लच असते. स्फुरद-पालाशावर मात्र खताचा हिशेब बेतण्यात अर्थ नसतो. अशा वेळी स्वतःच्या खाचराचा नमुना नव्याने द्यायला सांगावे.

नमुना घेणे हे चार यत्ता न शिकलेल्या माणसालाही नीट जमते, फक्त ते शेतात उभे राहून एकदा करून दाखवावे लागते. भात कापून झाल्यावर, पुढचे खत पडण्याआधी, खाचरात नागमोडी चालत दहा-पंधरा जागा निवडायच्या. प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटरचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. सगळी माती घमेल्यात न घेता स्वच्छ कापडावर किंवा प्लॅस्टिकवर एकत्र करायची, खडे-मुळे काढायची, गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. उरलेल्याचे पुन्हा चार भाग. असे अर्धा किलो उरेपर्यंत. ओली असेल तर सावलीत वाळवायची. खताच्या रिकाम्या पिशवीत कधीही भरायची नाही, कारण पिशवीला चिकटलेली चिमूटभर पूडही निकाल बिघडवते.

कोकणात यात एक चूक हटकून होते. उन्हाळ्यात शेण, कवळ, पातेरा आणि त्यावर मातीचा थर देऊन जिथे भाजावळ करतात, ती दाढीची जागाही त्याच खाचराच्या एखाद्या कोपऱ्यात असते. त्या जागेतली एक ओंजळ जरी नमुन्यात गेली, तरी राखेमुळे पालाश आणि सामू दोन्ही वाढलेले दिसतात. पत्रिकेवर पालाश ‘भरपूर’ आले आणि खाचरातल्या जुन्या पानांच्या कडा मात्र करपलेल्या दिसत असतील, तर संशय आधी नमुन्यावर घ्यावा. बांधालगतची, झाडाखालची, गुरे बसतात तिथली आणि शेणखताचा ढीग पडला होता तिथलीही माती घ्यायची नाही. आंबा-काजूचा नमुना वेगळाच: झाडाच्या विस्ताराखालून आणि निरनिराळ्या खोलीचा, कारण त्याची मुळे वीतभरात थांबत नाहीत.

आता एक नमुना-पत्रिका घेऊन ती कशी समजावून सांगायची ते पाहू. समजा, दहा गुंठ्यांचे खाचर आहे. सामू ५.४, सेंद्रिय कर्ब १.२ टक्के, नत्र मध्यम, स्फुरद हेक्टरी ८ किलो म्हणजे कमी, पालाश मध्यम, लोह व मंगल भरपूर, बोरॉन कमी. रत्नागिरीतल्या जांभ्या मातीत असे चित्र नेहमी दिसते.

पहिला गोंधळ सेंद्रिय कर्बाचा होतो. पाऊण टक्क्याच्या वर कर्ब गेला की पत्रिका ‘जास्त’ म्हणते, आणि शेतकरी म्हणतो, मग शेणखत कशाला? इथे सांगायचे ते असे, की कर्ब आहे पण तो पिकाला लगेच मिळत नाही. आम्ल मातीत पालापाचोळा कुजवणारे जिवाणू मंद चालतात, त्यामुळे कर्ब साठून राहतो आणि त्यातले नत्र सावकाश सुटते. पत्रिकेवर कर्ब जास्त आणि नत्र मध्यम, ही विसंगती नाही. ती या मातीची रीत आहे.

दुसरा गोंधळ आम्लतेचा, आणि यात कधी कधी सल्ला देणाऱ्यांकडूनही घाई होते. सामू ५.४ पाहिला की चुना टाका, असे सरसकट सांगितले जाते. भाताच्या पाणी भरलेल्या खाचरात त्याची गरज बहुधा नसते. पाणी उभे राहिले की मातीतली हवा संपते, लोहाचे रूप बदलते आणि या बदलात आम्ल वापरले जाऊन काही आठवड्यांत सामू आपोआप सातच्या जवळ सरकतो. लोहाने धरून ठेवलेले थोडे स्फुरदही त्याच वेळी सुटते. हाच सामू वरकस जमिनीत नाचणीला किंवा भातानंतर पाणी ओसरलेल्या खाचरात घेतलेल्या भाजीपाल्याला, भुईमुगाला मात्र बाधतो. पत्रिका एकच, जमीन एकच, पण चुन्याचा सल्ला पिकानुसार बदलतो. चुना द्यायचाच असेल तर पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळावा. युरियाबरोबर एकत्र टाकू नये, नाहीतर अमोनिया वायू होऊन नत्र उडून जाते. प्रमाण प्रयोगशाळेने चुन्याची गरज काढून दिली असेल तेच धरावे.

पाणी साचण्याचा उलटा परिणामही दिसतो. डोंगराचा झरा पाझरतो अशा खाचरात पाण्यावर तांबूस, तेलकट तवंग येतो आणि भाताच्या जुन्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके चढत जातात. हा करपा समजून औषध फवारले जाते. प्रत्यक्षात ते लोहाचे अजीर्ण असते. पाणी काही दिवस काढून टाकून माती भेगाळण्याआधी पुन्हा भरायचे, आणि पालाश चुकवायचे नाही. पत्रिकेवरचे ‘लोह भरपूर’ हे शब्द शेतकऱ्याला कळतात ते या तवंगापाशी उभे राहून.

आता खताचा हिशेब. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची भातासाठीची नेहमीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे. हेक्टरात साधारण शंभर गुंठे. म्हणून गुंठ्याला एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, अर्धा किलो पालाश. हे एक वाक्य तोंडपाठ झाले की हेक्टर विसरता येतो. स्फुरद कमी असल्यास शिफारशीत पाव हिस्सा वाढवण्याची रीत आहे. म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांना १० किलो नत्र, सव्वासहा किलो स्फुरद, ५ किलो पालाश.

पण नत्र बाजारात मिळत नाही, युरिया मिळतो. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र, शंभर किलो सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ किलो स्फुरद, शंभर किलो म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० किलो पालाश. त्यावरून युरिया पावणेबावीस किलो, सुपर ३९ किलो आणि पोटॅश सव्वाआठ किलो. युरियाची ४५ किलोची गोणी अर्धीसुद्धा लागत नाही, हे ऐकून बरेच जण थबकतात. नेमके इथेच सवय आणि गरज यांतले अंतर दिसते: सुपर आणलेलेच नसते आणि गोणी फोडली म्हणून युरिया सगळा पडतो. असे खाचर लांबून हिरवेगार दिसते, पण फुटवे कमी, पाने लवलवीत, कीड जास्त आणि पुढे भात लोळतो.

सुपर आणि पोटॅश पूर्ण, चिखलणीच्या वेळी. युरियाचे तीन हप्ते: शंभरातले ४० भाग लावणीला, ४० फुटवे येताना, २० पोटरीत लोंबी धरू लागताना. दहा गुंठ्यांना हे पावणेनऊ, पावणेनऊ आणि सव्वाचार किलो होतात. स्फुरद एकदाच आणि युरिया तीनदा का, हे दोन पेल्यांत दाखवता येते. एका पेल्यातल्या पाण्यात चमचाभर युरिया टाकून ढवळला की तो पूर्ण विरघळतो आणि पेला हाताला गार लागतो. दुसऱ्यात सुपर टाकले तर तळाशी गाळ राहतो. युरिया पाण्याबरोबर चालणारा आहे, सुपर जिथे टाकले तिथेच राहणारे. म्हणून एकाला पाण्यातून वाहून जाण्याआधी थोडे थोडे द्यायचे, दुसऱ्याला मुळाजवळ चिखलात आधीच गाडायचे. या पेल्यांसाठी एक अक्षरही वाचावे लागत नाही.

मापाचा प्रश्न मात्र उरतो. घरातला लिटरभराचा डबा सगळ्या खतांना एकच धरला जातो. त्यात युरिया सुमारे पाऊण किलोच मावतो, सुपर किलोहून जास्त. म्हणून गावच्या दुकानातल्या तराजूवर प्रत्येक खताचा डबा एकदा तोलून घ्यावा. डबा पाऊण किलोचा निघाला, तर लावणीच्या वेळचा युरिया म्हणजे बारा डबे. पुढचे हिशेब डब्यांत सांगितले की चूक होत नाही. वेगवेगळ्या खतांचे डबेही वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने ओळखीचे करून ठेवता येतात.

एवढे करूनही रत्नागिरीत फेकलेला युरिया खाचरात टिकेल याची खात्री नसते, कारण वरच्या खाचराचे पाणी बांध ओलांडून खालच्या खाचरात उतरते. जुलैच्या एका झडीत वरच्याचे खत खालच्याला जाते आणि त्याच्या खालचे ओढ्याला. या अडचणीवर कोकणात रुजलेला उपाय म्हणजे चारसूत्री भातशेती. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीची चार सूत्रे अशी: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, चिखलणीत गिरीपुष्पाचा पाला, दोरीवर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या म्हणजे ब्रिकेट.

पहिल्या दोन सूत्रांना समजावण्याची फार गरज पडत नाही, कारण राख आणि पाला ही कोकणी शेतकऱ्याच्या ओळखीची सामग्री आहे. तुसाची राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात गादीवाफ्यात मिसळली की रोपाला सिलिका मिळते, रोप ताठ होते, आणि भाजावळीसाठी कवळ तोडण्याचे श्रमही वाचतात. राख काळी हवी. पांढरी होईपर्यंत जाळलेली तेवढी उपयोगाची नाही. गिरीपुष्प बांधावर लावलेले असेल तर गुंठ्याला सुमारे तीस किलो कोवळा पाला लावणीच्या आठवडाभर आधी चिखलात दाबायचा. तो लवकर कुजतो आणि नत्र देतो.

तिसरे सूत्र दोरीचे. लांब नायलॉनची दोरी घेऊन तिच्यावर १५ आणि २५ सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा करायच्या: १५, मग २५, पुन्हा १५, पुन्हा २५. खुणेला रंगीत चिंधी बांधली की झाले. दोघांनी दोरी ताणून धरायची, बाकीच्यांनी प्रत्येक चिंधीपाशी दोन-तीन रोपांचा चूड लावायचा. एक ओळ झाली की दोरी १५ सेंटिमीटर मागे, पुढची ओळ झाली की २५ मागे. हे अंतर दरवेळी मोजत बसण्याऐवजी चाळीस सेंटिमीटरची एक काठी घेऊन तिच्यावर पंधरावर खाच पाडतात. अशा लावणीत चार चुडांचे लहान चौकोन तयार होतात आणि त्यांच्यामध्ये पाय ठेवायला मोकळ्या वाटा राहतात. चौरस मीटरला २५ चूड बसतात. अधिकाऱ्याला लावणी बरोबर झाली का हे पाहायचे असेल, तर एक मीटर लांब-रुंद काठ्यांची चौकट टाकून चूड मोजायचे. चाळीस भरले तर दोरी वापरलेलीच नाही, पंधरा भरले तर खुणा ढळल्या.

चौथे सूत्र या चौकोनांवरच उभे आहे. चार चुडांच्या मधोमध एक गोळी, हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. गोळी सुमारे २.७ ग्रॅमची. गुंठ्याला ६२५ गोळ्या, वजनाने पावणेदोन किलोच्या आतबाहेर. दहा गुंठ्यांना सतरा किलो. खोल, हवा नसलेल्या चिखलात गोळीतले नत्र अमोनियम रूपात राहते आणि मुळे तिथपर्यंत पोचून ते घेतात. वरचे पाणी बांधावरून गेले तरी त्याच्याबरोबर ते फारसे जात नाही. या सतरा किलोंत नत्र सुमारे सहा किलो असते, म्हणजे फोकून द्यायच्या दहा किलोंपेक्षा बरेच कमी, आणि नंतर युरियाचे हप्ते लागत नाहीत. स्फुरद मात्र तीन किलोच्या आसपास येते. आपल्या नमुना-पत्रिकेत ते कमी आहे, म्हणून हिशेबाने उरलेल्या तीन किलोंसाठी वीस किलो सुपर चिखलणीत द्यायला सांगावे. त्यातून गंधक आणि कॅल्शियमही मिळते, आणि दोन्हींची इथे गरज असते. पालाश या गोळीत नाही, ते वेगळे.

पद्धत फसते ती बहुतेक खोलीवर. घाईत गोळी वरवर दाबली जाते, पाण्यात विरघळते, दोन-चार दिवसांत त्या जागेवर हिरवे शेवाळ धरते आणि भाताला काही मिळत नाही. हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दहा सेंटिमीटर कुठे येते ते ज्याचे त्याला दाखवून दिले की ही चूक कमी होते. दुसरी मर्यादा जमिनीची. पाणी झरझर झिरपणाऱ्या भरड, वाळुसरट खाचरात खोल टाकलेले नत्रही खाली निघून जाते. पाणी संध्याकाळी भरले आणि सकाळी दिसत नाही, अशा जागी गोळीचा आग्रह धरू नये. तिसरी अडचण माणसांची. लावणीच्या दिवसांत गावात हात कमी असतात आणि गोळी टाकणे हे जास्तीचे काम वाटते. त्यावर अधिकाऱ्याने वाद घालू नये. खाचराच्या मध्ये मातीचा छोटा बांध घालून अर्ध्या भागात शेतकऱ्याची नेहमीची पद्धत, अर्ध्यात दोरी आणि गोळी, असे करायला सांगावे. फुटवे धरण्याच्या वेळी दोन्हीकडच्या दहा-दहा चुडांचे फुटवे घरातल्या मंडळींनी स्वतः मोजावेत, कापणीला दोन्हीकडचे भात वेगळे झोडून तोलावे. गावच्या शेतीशाळेत हेच करतात, आणि शेजारची खाचरेही त्याच मोजणीवर वळतात.

हंगामात मधेच पीक पिवळे दिसले तर पत्रिकेऐवजी पान वाचायला शिकवावे लागते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. वरची कोवळी पिवळी आणि खालची हिरवी, तर गंधकाची शंका. जुन्या पानांच्या टोका-कडा करपल्या तर पालाश. पीक गडद हिरवे, खुजे आणि फुटवे न धरणारे असेल तर स्फुरद. युरिया फोकून देणाऱ्यांसाठी पानाच्या रंगाचा तक्ताही मिळतो. त्यावर फिक्यापासून गडद हिरव्यापर्यंत पट्टे असतात. सकाळी, आपल्या अंगाच्या सावलीत धरून, पूर्ण उघडलेल्या सर्वांत वरच्या पानाचा मधला भाग पट्ट्याशी जुळवायचा. दहा पानांपैकी सहा किंवा जास्त ठरलेल्या पट्ट्यापेक्षा फिकी निघाली तरच हप्ता द्यायचा.

भात निघाल्यावर त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी किंवा पावटा घेतला जातो. या पिकांना नत्र फारसे लागत नाही, पण आता पाणी ओसरलेले असते आणि सामू पुन्हा साडेपाचकडे उतरलेला असतो. म्हणून भाताला निरुपयोगी ठरलेला चुन्याचा सल्ला इथे खरा उपयोगी पडतो. पत्रिकेसाठी पुढचा नमुना दोन-तीन वर्षांनी, त्याच खाचरातून, भात कापल्यावर, या रब्बी पिकाच्या पेरणीआधी आणि भाजावळीच्या बऱ्याच आधी घ्यायचा. पिशवीवर नावाबरोबर खाचराची ओळख लिहायची: वहाळाकडचे, देवळामागचे, जे काही घरात म्हणतात ते. पुढच्या पत्रिकेचा आकडा त्याच ओळखीशी जुळवून पाहिला, की स्फुरद वाढले की घटले ते कळते.